चेंडू आधी दबतो की नंतर?

अ‍ॅनिमेशन शिकायला येणारी मुलं डोक्यात काहीतरी भव्य घेऊन येतात. कुणाला उड्डाण करणारा हनुमान करायचा असतो, कुणाला जपानी मालिकांत असतो तसला तलवारबाज. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाती पडतो एक गोळा आणि एक आडवी रेघ. रेघ म्हणजे जमीन, गोळा म्हणजे चेंडू. काम एवढंच, की चेंडू वरून पडावा, टप्पे खात खात थांबावा. डोळे काढायचे नाहीत, हातपाय लावायचे नाहीत, रंगवायचाही नाही.

मुलं जरा हिरमुसतात. तासाभरात उरकेल असं वाटतं. मग दुसरा दिवस उजाडतो आणि तो साधा चेंडू अजून चेंडूसारखा पडत नसतो.

हे काम बहुधा ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू होतं. चेंडू वर ठेवून पहिली की-फ्रेम, जमिनीवर ठेवून दुसरी, पुन्हा थोडा वर नेऊन तिसरी. की-फ्रेम म्हणजे ‘या क्षणी चेंडू इथे’ ही खूणगाठ. दोन खूणगाठींमधल्या जागा संगणक आपसूक भरतो. प्ले दाबलं की चेंडू खाली येतो खरा, पण जमीन जवळ येताच तो वेग आवरतो, हलकेच टेकतो आणि तितक्याच हलकेपणाने वर निघतो. जमिनीवर घट्ट खीर ओतून ठेवलीय किंवा चेंडू दोरीला बांधून कुणीतरी खाली-वर करतंय, असं दिसतं. ‘मी तर असं काही सांगितलंच नव्हतं,’ ही तक्रार मग ठरलेली.

सांगितलं नव्हतं हे खरं. ब्लेंडर मूळ मांडणीत दोन की-फ्रेम एका गुळगुळीत वक्ररेषेने जोडतो. त्या रेषेचा स्वभाव असा, की प्रत्येक खुणेवरून निघताना हळू निघायचं, मध्ये वेग घ्यायचा आणि पुढच्या खुणेशी पोहोचताना पुन्हा हळू व्हायचं. यालाच ईझ म्हणतात. माणूस मान वळवतो, कुणी कपाट उघडतं, बस स्टॉपवर येऊन थांबते, या सगळ्यांत ईझ असतो, कारण थांबायचंय हे त्यांना आधी ठाऊक असतं. जमीन जवळ आलीय हे चेंडूला ठाऊक नसतं. आदळल्यावरच ती त्याला कळते.

म्हणून पडणाऱ्या चेंडूचा हिशेब वेगळा. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. हातातून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात, म्हणजे 12 फ्रेममध्ये, साधारण 122 सेंटिमीटर खाली येतो. सोप्या भाषेत चार फूट. हे चार फूट 12 फ्रेममध्ये सारखे वाटले, तर प्रत्येक फ्रेमला दहा सेंटिमीटर येतात आणि चेंडू लिफ्टसारखा उतरतो. निसर्गाची वाटणी तशी नसते. गॅलिलिओने दाखवून दिलं होतं, की पडणारी वस्तू सारख्या कालावधींत 1, 3, 5, 7 अशा विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते. पहिल्या 12 विषम संख्यांची बेरीज 144 होते. म्हणजे चार फुटांचे 144 भाग करायचे, पहिल्या फ्रेमला एक भाग द्यायचा, दुसऱ्या फ्रेमला तीन, आणि असं करत शेवटच्या फ्रेमला तेवीस. पहिल्या फ्रेममध्ये चेंडू सेंटिमीटरभरही हलत नाही. शेवटच्या फ्रेममध्ये तो साडेएकोणीस सेंटिमीटरची झेप घेतो.

लाइट बॉक्सवर हे सगळे चेंडू एकाच कागदावर काढले, तर वर त्यांची दाटी होते आणि खाली येता येता ते विरळ होत जातात. या दाटी-विरळीला स्पेसिंग म्हणतात. किती फ्रेममध्ये पोहोचायचं ते टायमिंग, आणि त्या फ्रेम वाटेवर कुठे कुठे मांडायच्या ते स्पेसिंग. नवशिका टायमिंग बरोबर ठेवतो, स्पेसिंगमध्ये चुकतो आणि चूक टायमिंगमध्ये शोधत बसतो.

टप्पा खाऊन वर जाताना हीच वाटणी उलटी होते. निघताना झेप मोठी, वर पोहोचताना बारीक. त्यातून एक मजेशीर गोष्ट निघते. चेंडू हवेत जितका वेळ असतो, त्यातला निम्मा वेळ तो उंचीच्या सगळ्यात वरच्या पाव भागात घालवतो. उसळलेला चेंडू वर गेल्यावर क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटतो तो यामुळे. ईझची जागा ती. वर पोहोचताना वेग विरतो, वरून निघताना हळूहळू चढतो, आणि जमिनीशी मात्र ईझ अजिबात नसतो.

ग्राफ एडिटर उघडला की ही गोष्ट डोळ्यांना दिसते. उंचीची रेषा वरच्या टोकाला घुमटासारखी गोल हवी आणि जमिनीशी सुरीच्या टोकासारखी अणकुचीदार. खीर ओतल्यासारखा दिसणाऱ्या त्या पहिल्या प्रयत्नात ती खालीही गोल असते, मंडपाच्या झालरीसारखी. ब्लेंडरमध्ये जमिनीवरच्या की निवडून `V` दाबायचं आणि हँडलचा प्रकार `Vector` किंवा `Free` करून रेषा तिथे मोडायची. एवढ्याने खीर नाहीशी होते. चेंडू आपटतो.

इथे नावांचा एक घोळ आहे आणि तो जाणत्यांनाही फसवतो. जुन्या हाताने काढणाऱ्या मंडळींच्या भाषेत ‘स्लो इन’ म्हणजे एखाद्या स्थितीत शिरताना मंदावणं. आफ्टर इफेक्ट्समधला `Easy Ease In` तोच अर्थ धरतो, की-फ्रेमशी पोहोचताना हळू. वेबपेज बनवणाऱ्यांच्या सीएसएसमध्ये मात्र `ease-in` म्हणजे सुरुवात हळू आणि शेवट वेगात, बरोबर उलट. त्यामुळे एका ठिकाणी शिकून दुसऱ्या ठिकाणी कामाला लागलेला माणूस चेंडू वर आपटवतो आणि खाली तरंगवतो. नाव पाठ करण्यापेक्षा रेषेचा आकार बघणं बरं. रेषा जिथे आडवी होत जाते तिथे वेग मंद, जिथे खडी होते तिथे वेग जास्त.

एक टप्पा जमला की पुढचे टप्पे. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा बुटका हवा हे सगळ्यांना कळतं. तो कमी वेळाचाही हवा, हे निसटतं. गल्लीत ज्या टेनिस बॉलने क्रिकेट चालतं, तोच इथे घेऊ. स्पर्धेत वापरायच्या टेनिस चेंडूसाठी नियम आहे, की 254 सेंटिमीटरवरून सोडल्यावर तो 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे पडतो त्या उंचीच्या निम्म्याहून थोडा जास्त, साधारण 55 टक्के. गल्लीतला चेंडू झिजलेला असतो, पण हिशेबाला हे पुरे.

122 सेंटिमीटरवरून सोडलेला असा चेंडू पहिल्या टप्प्यानंतर 67 सेंटिमीटर वर जाईल, मग 37, मग 20, मग 11. आता वेळ. पहिल्यांदा पडायला 12 फ्रेम लागल्या होत्या. 67 सेंटिमीटर वर जायला 9 लागतील आणि खाली यायला पुन्हा 9. पुढच्या उसळीला 7 आणि 7, त्यापुढे 5 आणि 5, मग 4 आणि 4. उंची जवळपास निम्मी होते तेव्हा वेळ निम्मा होत नाही, पाऊण होतो. हे ध्यानात न घेता कुणी प्रत्येक उसळीला 9 फ्रेमच देत राहिलं, तर शेवटचे बुटके टप्पे चंद्रावर पडल्यासारखे दिसतात. आणि वेळ भसाभस कमी केला तर चेंडू जमिनीला चिकटल्यासारखा थरथरतो. हे पकडायला पडदा लागतही नाही. डोळे मिटून टेबलावर बोटाने टप्पे वाजवायचे. टक्क, टक्क, टक-टक, टकटकटक. कान या बाबतीत डोळ्यापेक्षा पटकन चूक पकडतो, बहुधा लहानपणापासून ऐकलेला आवाज आहे म्हणून.

आता चेंडू बरोबर पडतो, बरोबर उसळतो, आणि तरी पडद्यावर काहीतरी खटकतं. खाली येताना तो अडखळल्यासारखा, तुकड्या-तुकड्यांनी येतो. कारण मघाच्या आकड्यांतच आहे. टेनिस बॉलचा व्यास पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास असतो. पहिल्या चार फ्रेमपर्यंत चेंडूची एका फ्रेममधली सरक त्याच्या व्यासापेक्षा कमी असते, म्हणून आधीची आणि नंतरची आकृती एकमेकींवर चढलेल्या असतात आणि डोळा त्यांना एकच वस्तू समजतो. पाचव्या फ्रेमपासून मध्ये फट पडायला लागते. शेवटच्या फ्रेमला तर आधीचा चेंडू आणि नंतरचा चेंडू यांच्यात जवळजवळ तेरा सेंटिमीटरची मोकळी जागा असते. डोळ्याला एक पडणारा चेंडू दिसण्याऐवजी वेगवेगळे चेंडू लुकलुकताना दिसतात. कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या खऱ्या चेंडूच्या बाबतीत असं जाणवत नाही, कारण फ्रेम उघडी असते तेवढ्या वेळात तो सरकतो आणि त्याचा पट्टा उमटतो. काढलेल्या चेंडूला तो पट्टा नसतो.

त्यावरचा इलाज म्हणजे स्ट्रेच. वेगात असलेला चेंडू वाटेच्या दिशेने लांबवायचा. तेरा सेंटिमीटरची फट पूर्ण बुजवायची तर चेंडूचं काकडीत रूपांतर होईल, तेवढं कुणी करत नाही. पंचवीस-तीस टक्के लांबवला तरी फट पुरेशी अरुंद होते आणि डोळा उरलेलं सांधून घेतो. लांबवण्याची दिशा वाटेबरोबर वळली पाहिजे. चेंडू तिरका पडत असेल तर लांबटपणाही तिरका. आणि वरच्या टोकाला, जिथे वेगच नाही, तिथे चेंडू ठणठणीत गोल. वरही लांबट राहिलेला चेंडू म्हणजे अंडं दिसतं. ही चूक ओळखायला ओनियन स्किन, म्हणजे मागच्या-पुढच्या फ्रेम पुसट दाखवणारी सोय, चालू करून एकदा नजर टाकली तरी पुरते.

स्क्वॉश जमिनीवरचा. आदळला की चेंडू चेपतो. खरा टेनिस बॉलही चेपतो, पण काही हजारांश सेकंदांसाठीच, आणि सिनेमाची एक फ्रेम जवळजवळ 42 हजारांश सेकंद चालते. तेव्हा अ‍ॅनिमेटर अख्खी फ्रेमभर, कधी दोन फ्रेम जो चपटा चेंडू दाखवतो, ती सरळसरळ थाप आहे. पण डोळा ती मान्य करतो, एका अटीवर. चेंडूतला ऐवज तेवढाच राहिला पाहिजे. कागदावर उंची 80 टक्के केली तर रुंदी 125 टक्के हवी, कारण दोन्हींचा गुणाकार तोच राहिला पाहिजे. त्रिमितीत ही वाढ दोन दिशांत वाटली जाते, म्हणून प्रत्येक दिशेला साधारण 112 टक्के पुरते. नुसती उंची कमी केली आणि रुंदी विसरली, तर चेंडू चेपत नाही, आकसतो. पंक्चर झाल्यासारखा.

दुसरी फसगत आणखी बारीक आहे. सॉफ्टवेअर वस्तू मधोमध धरून लहान-मोठी करतं. चेंडू 80 टक्के चेपला की तो वरून जसा खाली येतो तसा खालूनही वर उचलला जातो, आणि त्याच्या बुडाशी पाऊण-एक सेंटिमीटरची भेग पडते. आदळण्याच्या नेमक्या क्षणी चेंडू हवेत! म्हणून आकार बदलण्याचा बिंदू चेंडूच्या तळाशी बसवायचा. जमिनीला टेकलेला तळ हलू द्यायचा नाही.

आणि क्रम. लांबट चेंडू आधी जमिनीला नुसता टेकतो, ती एक फ्रेम. चेपतो ती पुढची. मग पुन्हा लांबट होऊन सुटतो. टेकण्याची फ्रेम गाळून लांबटवरून थेट चपट्यावर उडी मारली, तर धक्का कमी जाणवतो. प्रत्येक टप्प्याला चेपणंही कमी कमी होत जातं. शेवटच्या बोटभर उसळीलाही पहिल्याइतकाच चेपणारा चेंडू हा सरावाच्या फायलींमध्ये हमखास भेटतो.

याच तीन-चार कळा फिरवल्या की चेंडूची जात बदलते. बोलिंगचा गोळा स्क्वॉश न देता सोडायचा, दोन जेमतेम टप्पे आणि जडपणे घरंगळणं. टेबल टेनिसचा चेंडू नियमाप्रमाणे तीस सेंटिमीटरवरून पडला की टेबलावर तेवीसच्या आसपास उसळायला हवा, म्हणून त्याचे टप्पे पुष्कळ, आणि चेपणं जवळपास शून्य. रंगपंचमीचा पाण्याने भरलेला फुगा फुटला नाही तर उसळतच नाही, नुसता पसरतो आणि डुचमळत राहतो. प्रेक्षकाला कुणी नाव सांगत नाही, तरी तो वजन ओळखतो. आकारही ओळखतो. 12 फ्रेममध्ये खाली आलेला चेंडू चार फुटांवरून पडलेला वाटतो. तोच पडदाभर अंतर 38 फ्रेममध्ये कापू लागला, की तो चाळीस फुटांवरून पडतोय असं वाटतं आणि चेंडू एकदम घराएवढा होतो.

पण इथवर जे झालं ते वस्तूंचं अ‍ॅनिमेशन. टेनिस बॉल टेनिस बॉलसारखा वागला, एवढंच. त्याच्यात कुणी राहायला आलेलं नाही.

ते कसं येतं, याचं उत्तर आश्चर्य वाटावं इतकं साधं आहे. वस्तू आदळल्या*नंतर* चेपते. जिवंत प्राणी उडी मारण्या*आधी* दबतो. मांजर कठड्यावर झेप घेण्यापूर्वी पोट जमिनीला लावतं, लांब उडीवाला गुडघे वाकवतो. आकृती दोन्हीकडे तीच, चपटा गोळा. पण आधी आलेला चपटेपणा बघणाऱ्याला सांगतो, की या गोळ्याला काहीतरी करायचंय. अ‍ॅनिमेशनवाले त्याला अँटिसिपेशन म्हणतात. मराठीत पवित्रा म्हटलं तरी चालेल. दबलेल्या चेंडूला पाहताच प्रेक्षक त्याला ‘ते’ म्हणणं सोडून ‘तो’ म्हणायला लागतो.

एक उदाहरण फ्रेम मोजून करण्यासारखं आहे. चेंडू जमिनीवर आहे, समोर वीतभर उंचीची, म्हणजे साधारण 22 सेंटिमीटरची पायरी. त्याला पायरीवर चढायचंय. उडीचं शिखर तीस सेंटिमीटर धरू. तीस सेंटिमीटर वर जायला 6 फ्रेम लागतात, तिथून पायरीवर उतरायला 3. हवेतला वेळ 9 फ्रेम. हे आकडे गुरुत्वाकर्षणाने ठरवलेत, चेंडू भित्रा असो की उद्धट. एकदा जमीन सुटली की दोघांचीही वाट तीच. स्वभाव दाखवायला जागा उरते ती जमिनीवर.

उद्धट चेंडू पायरीशी येतो, 4 फ्रेममध्ये 70 टक्क्यांपर्यंत दबतो, 2 फ्रेममध्ये सुटतो, 9 फ्रेम हवेत, आणि पायरीवर आपटल्याचा स्क्वॉशच पुढच्या उडीचा पवित्रा म्हणून वापरून निघून जातो. पंधरा फ्रेम, म्हणजे सेकंदाच्या पाऊण भागाहूनही कमी. पायरी त्याच्या खिजगणतीतही नाही.

भित्र्याचं वेगळं. पहिल्या 8 फ्रेम तो नुसता उभा आहे, गोल. मग 10 फ्रेम घेऊन हळूच 85 टक्क्यांपर्यंत दबतो. इथे ईझ दोन्ही टोकांना हवा, निघतानाही संथ आणि थांबतानाही. आता मारेल उडी, असं वाटतं. नाही मारत. 8 फ्रेममध्ये पुन्हा गोल होतो, धीर सुटलेला. पुढच्या 8 फ्रेममध्ये बोटभर मागे घरंगळतो. चौतिसाव्या फ्रेमपर्यंत काहीच घडलेलं नाही आणि तरीही बघणारा आता पायरी जास्त उंच समजायला लागलाय. मग 12 फ्रेममध्ये तो खोल दबतो, 70 टक्क्यांवर. तिथे 6 फ्रेम थांबतो. पण थांबणं म्हणजे गोठणं नव्हे. त्या 6 फ्रेममध्ये तो आणखी किंचित, 67 टक्क्यांपर्यंत, खचत राहतो. पूर्ण गोठवला तर व्हिडिओ अडकल्यासारखा वाटतो, मेलेला वाटतो.

सुटण्याच्या 2 फ्रेम महत्त्वाच्या. 67 टक्क्यांवरून 120 टक्क्यांपर्यंत झटक्यात, आणि शेवटाला ईझ नाही. इथे सवयीने ईझ ठेवला, तर चेंडू स्वतः उडी मारत नाही, कुणीतरी त्याला चिमटीत धरून उचलतं. दबताना ईझ म्हणजे संकोच, सुटताना ईझचा अभाव म्हणजे निर्णय. मग त्या ठरलेल्या 9 फ्रेम. पायरीवर पडल्यावर तो 80 टक्के चेपतो, उलट थोडा ताणला जातो, परत चेपतो, आणि डझनभर फ्रेममध्ये शांत होतो. सगळं मिळून तीन सेकंदांहून थोडं जास्त, आणि त्यातला हवेतला भाग तेवढाच, 9 फ्रेम.

हवेतही थोडी लबाडी चालते. शिखरावर एक-दोन फ्रेम जास्त दिल्या तर चेंडू मजेत तरंगल्यासारखा वाटतो. चार-पाच दिल्या की वजनच जातं. नवशिके गंमत वाढवायला नेमकं हवेतच ढवळाढवळ करतात. चेंडू वाटेत वेग बदलतो, वळतो, रेंगाळतो. त्याने चेंडूला स्वभाव येत नाही, त्याचा फुगा होतो.

या सगळ्याचं मूळ 1930 च्या दशकातल्या डिस्नेच्या स्टुडिओत आहे. तिथल्या मंडळींनी काढून काढून जे नियम बसवले, ते फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघा अ‍ॅनिमेटरांनी पुढे 1981 मध्ये ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या जाडजूड पुस्तकात मांडले. बारा तत्त्वं, आणि त्यात पहिला नंबर स्क्वॉश आणि स्ट्रेचचा. चेंडूनंतरची पायरी म्हणून ते पिठाने अर्धवट भरलेलं पोतं सांगतात. पोत्याला चार कोपरे असतात, त्यामुळे ते मान टाकू शकतं, ताठ उभं राहू शकतं, आणि पीठ तेवढंच असल्याने ऐवज कायम ठेवण्याचा नियम आपोआप पाळावा लागतो.

ही विद्या मुंबईला आली तीही थेट तिथूनच. डिस्नेत काम केलेले आणि भारतातच जन्मलेले क्लेअर वीक्स 1956 मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत राम मोहन होते, जे पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे पितामह म्हणून ओळखले गेले.

संगणकाच्या जमान्यात हे नियम लागू पडतील का, ही शंका होतीच. धातूची वस्तू चेपणार कशी? जॉन लॅसेटर यांनी 1986 मध्ये ‘लक्सो ज्युनिअर’ या दोन मिनिटांच्या लघुपटात त्याचं उत्तर दिलं. त्यात दोन टेबल-लॅम्प आहेत, एक थोरला, एक धाकटा, आणि धाकट्याचा एक चेंडू. लॅम्पचा एकही भाग चेपत नाही. पण त्याचे दांडे सांध्यांत मिटतात, म्हणून अख्खी आकृती बुटकी होते, आणि उघडतात तेव्हा लांबते. स्क्वॉश आणि स्ट्रेच आकृतीत आला, पत्र्यात नाही. धाकटा उडी मारण्याआधी दबतो तो याच रीतीने. पुढच्या वर्षी लॅसेटर यांनी पारंपरिक तत्त्वं त्रिमितीत कशी वापरायची यावर निबंध लिहिला, आणि दोन आकृत्यांमध्ये फट पडल्यावर होणारी ती लुकलुक आणि तिच्यावर स्ट्रेचचा इलाज, हेही त्यात आहे.

लघुपट संगणक-चित्रांच्या परिषदेत दाखवला गेला तेव्हा जिम ब्लिन हे या क्षेत्रातले मोठे जाणकार लॅसेटरना गाठायला आले. पडद्यावरच्या सावल्या कशा काढल्या हे आता विचारतील, अशी लॅसेटर यांची धास्ती. ब्लिन यांनी विचारलं, थोरला लॅम्प आई आहे की बाबा?

त्या पंधरा आणि पंचाहत्तर फ्रेमच्या दोन चेंडूंवर मुलं आठवडाभर घासतात. कुणी भित्र्याला आणखी एकदा माघार घ्यायला लावतं आणि ते जास्त होतं, दुसऱ्या माघारीला प्रेक्षक कंटाळतो. कुणाचा उद्धट चेंडू इतका झटपट दबतो, की दबलेला दिसतच नाही. 4 ऐवजी 2 फ्रेम झाल्या की डोळा तो पवित्रा पकडत नाही आणि चेंडू पुन्हा निर्जीव होतो, कुणी लाथ मारल्यासारखा.

मग एके दिवशी पात्राची फाइल उघडते. एक मुलगा, पोहण्याच्या तलावाच्या काठावर, पहिल्यांदा उडी मारणार. शिकणारा सवयीने त्याचे हात, डोळे, केस हलवायला जातो. शिकवणारा त्याला सगळं लपवायला लावतो आणि कमरेच्या जागी एक गोळा ठेवायला सांगतो. गोळ्याला भित्र्या चेंडूचेच आकडे द्यायचे. 10 फ्रेम दबणं, 8 फ्रेम माघार, 8 फ्रेम मागे सरकणं, 12 फ्रेम खोल दबणं, 6 फ्रेम खचत राहणं. मग गोळा लपवून पाय परत दाखवले, की पस्तिसाव्या फ्रेमच्या आसपास मुलाचे गुडघे वाकायला लागलेले असतात. डोळे अजून काढायचेच आहेत.